मालकांचा महिन्याचा रिपोर्ट आपोआप: मालवण ऑफिसच्या कामाच्या नोंदी

२ जून

सीझन संपला, पाऊस लागला, आता हे काम हातात घ्यायला वेळ आहे. आपण मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ला पट्ट्यातली होमस्टे सांभाळतो, घरं लोकांची, मालक बहुतेक मुंबई-ठाण्याला, आणि दर महिन्याला प्रत्येक मालकाला रिपोर्ट जातो की किती रात्री भरल्या, किती पैसे आले, आपलं कमिशन किती, धुलाई-लाईटबिल-टँकर-केअरटेकरचा पगार वजा जाऊन त्यांना किती द्यायचे. आत्तापर्यंत हे वहिनी वर्डमध्ये करतात. मागच्या महिन्याची फाईल उघडायची, आकडे बदलायचे, पीडीएफ करायची, जीमेलला जोडून पाठवायची. वहिनींचं काम चोख आहे पण पद्धतच अशी आहे की एखादा जुना आकडा बदलायचा राहिला तर तो कुणाला दिसणारच नाही, आणि एकाची फाईल दुसऱ्याला गेली तर परत घेता येत नाही. देवबागच्या एका मालकाला शेजारच्या घराचं उत्पन्न कळणं हे आपल्या धंद्यात चालणारच नाही.

ठरलं ते असं: आकडे आहेत तिथेच म्हणजे गूगल शीटमध्ये राहतील, तिथून सीएसव्ही काढायची, एचटीएमएलचं एकच टेम्प्लेट, त्यात पायथनने आकडे भरायचे, पीडीएफ बनवायची, मेल पाठवायची. वर्डचं मेल मर्जही बघितलं, पण मला प्रत्येक रिपोर्ट जायच्या आधी मशीनने तपासायला हवा आणि शंका आली तर थांबायला हवं, ते तिथे जमणार नाही.

५ जून

आज फक्त अक्षरं. पीडीएफ बनवायला आधी जी लायब्ररी घेतली होती तिच्यातून काढलेला नमुना तारकर्लीच्या एका काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला, लगेच फोन: "रे, हिशोब माका समाजलो, पण माझ्या गावाचां नाव असां कित्याक मोडलेलां?"

बरोबर होतं त्यांचं. "तारकर्ली"चा रफार ली-वर न बसता सुटा र् होऊन मधे पडलेला, आणि "सिंधुदुर्ग"मध्ये तर वेलांटी स-च्या पुढे गेलेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये "सि" साठवताना आधी स आणि मग वेलांटी असा क्रम असतो, दिसताना मात्र वेलांटी अलीकडे यायला लागते. रफाराचं उलट, र् आधी साठवलेला असतो आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही हलवाहलव फॉन्ट आपोआप करत नाही, फॉन्टमधले नियम वाचून ती करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये तो असतोच म्हणून स्क्रीनवर सगळं छान दिसतं. पीडीएफच्या बऱ्याच लायब्ऱ्या मात्र एक कॅरॅक्टर उचलतात आणि एक चित्र ठेवतात, इंग्लिशला पुरतं, मराठीला नाही. काहींमध्ये शेपिंगची सोय आहे पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

म्हणून एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या वीझीप्रिंट लायब्ररीवर आलो. ते अक्षरं मांडायला पँगो वापरतं आणि पँगोच्या आत हार्फबझ आहे, शेपिंग तेच करतं. "तारकर्ली", "वेंगुर्ला", "सिंधुदुर्ग", "किनाऱ्यावर" हे चार शब्द आता कायमचे टेस्ट शब्द, कुठलाही फॉन्ट किंवा व्हर्जन बदललं की आधी हे चार छापून डोळ्यांनी बघायचे. रफार, वेलांटी आणि "ऱ्या" तिन्ही त्यात येतात.

फॉन्ट मुक्ता घेतला. मराठी, इंग्लिश आणि ₹ तिन्ही एकाच फॉन्टमध्ये मिळतात, लायसन्स मोकळं आहे. ₹ हे चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी नुसता चौकोन येतो, हे पण बघून घेतलं पाहिजे.

९ जून

ब्रँडिंग. लोगो, आपला समुद्री हिरवा रंग, वर पट्टी, खाली पत्ता आणि पानाचा नंबर. पानाची मांडणी सगळी सीएसएसच्या `@page` मध्ये आहे, तळटीप तिथेच एकदा लिहिली की प्रत्येक पानावर येते, "पान १ / २" पण तिथूनच. बुकिंगचा तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर वरची शीर्षकाची ओळ परत छापली जाते, त्यासाठी ती नीट `thead` मध्ये हवी.

आलेख मात्र जावास्क्रिप्टचे चालत नाहीत, वीझीप्रिंट जावास्क्रिप्ट चालवतच नाही, त्यांची जागा कोरी राहते. सहा महिन्यांचे बार मी पायथनमध्येच एसव्हीजी करून टेम्प्लेटमध्ये टाकले, छापलेही जास्त स्वच्छ जातात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. लोगोची फाईल सापडली नाही तर वीझीप्रिंट थांबत नाही. लॉगमध्ये एक ओळ टाकतं, `Failed to load image`, आणि लोगोशिवाय पीडीएफ बनवून मोकळं होतं. फॉन्टचंही तसंच, मुक्ता मिळाला नाही तर मशीनवर जो सापडेल तो लावतं. माझ्या लॅपटॉपवर मुक्ता आधीच इन्स्टॉल आहे त्यामुळे इथे कधीच कळणार नाही, आणि ऑफिसच्या छोट्या पीसीवर, जिथे हे खरं चालणार आहे, तिथे भलताच फॉन्ट किंवा चौकोन येतील. म्हणून दोन चेक लावले. लॉगमध्ये ती ओळ दिसली की रिपोर्ट रद्द. आणि पीडीएफ झाली की तिच्यावर हे चालवायचं:

```
pdffonts TK-07.pdf
```

यादीत प्रत्येक फॉन्टच्या नावात Mukta असलं पाहिजे आणि `emb` च्या खाली yes, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच आहे. दुसरं कुठलं नाव दिसलं तर फाईल पुढे जात नाही.

१२ जून

आकडे. मे महिन्याचे रिपोर्ट वहिनींनी हाताने केलेले आहेत, तेच मशीनने काढून शेजारी ठेवले. तारकर्लीचं TK-07 घेतलं, चार खोल्या, मे म्हणजे ३१ रात्री, म्हणजे विकायला १२४ रात्री. विकल्या ९३. मशीन म्हणतं ७५ टक्के, वहिनींच्या रिपोर्टात ८०.२. वहिनींचं बरोबर निघालं. मालक स्वतः मुलाबाळांना घेऊन सुट्टीत दोन खोल्यांत चार रात्री राहिले होते, त्या ८ रात्री विकायला नव्हत्याच, म्हणून ९३ भागिले ११६. हे वहिनींच्या डोक्यात होतं, शीटमध्ये नव्हतं. आता शीटमध्ये "मालकाचा मुक्काम" असा कॉलम आला. चतुर्थीला तर निम्मी घरं मालकांनीच भरलेली असतात, हा कॉलम नसता तर त्या महिन्याचा प्रत्येक रिपोर्ट मालकाला उगाच वाईट दिसला असता.

बाकी हिशेब जुळला: जमा २,२३,२००, त्यातून १५ टक्के कमिशन ३३,४८०, खर्च ४१,७२०, मालकाला देणं १,४८,०००. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने यायला बेबेल लायब्ररीत `en_IN` दिलं, पायथनचा नेहमीचा फॉरमॅट 223,200 असा लिहितो आणि लाखाचा आकडा असा बघायची आपल्याकडे कुणाला सवय नाही.

महिना ओलांडणाऱ्या बुकिंगचं पण ठरवून टाकलं, ३० मेला आलेला पाहुणा २ जूनला गेला तर दोन रात्री मेच्या, एक जूनची, पैसेही तसेच वाटायचे.

१७ जून

आज ज्या विषयाला हात घातला तो सगळ्यात नाजूक: मोकळी जागा.

टेम्प्लेटमध्ये आकडे भरायचं काम जिंजा करतं. त्याचा मूळ स्वभाव असा की टेम्प्लेटमधलं नाव डेटामध्ये नसलं तर ते गुपचूप काहीच छापत नाही. म्हणजे शीटमध्ये कुणी "धुलाई" कॉलमचं नाव "लाँड्री" केलं तर रिपोर्टात धुलाईच्या पुढे कोरं, बाकी सगळं सुंदर, लोगोसकट. मालकाला वाटणार धुलाईचा खर्च नव्हता. ह्यावर एकच शब्द लागतो:

```python
env = Environment(loader=FileSystemLoader("templates"),
                  undefined=StrictUndefined, autoescape=True)
html = env.get_template("report.html").render(r=row)
HTML(string=html, base_url="templates/").write_pdf(out)
```

`StrictUndefined` दिलं की नाव सापडलं नाही तर तिथेच एरर. पण हे नाव नसण्यापुरतंच आहे. कॉलम आहे पण त्यातला सेल रिकामा आहे हे त्याला कळत नाही, त्याच्या दृष्टीने रिकामी स्ट्रिंगही किंमतच. म्हणून टेम्प्लेटकडे जायच्या आधी वेगळी तपासणी, रकमेच्या प्रत्येक कॉलममध्ये आकडा हवा, खर्च नसेल तर माणसाने ० लिहायचा. वहिनी म्हणाल्या, "मग रिकामं म्हणजे अजून भरायचंय आणि शून्य म्हणजे खर्चच नाही, असंच ना?" अगदी तसंच, आणि ते शीटच्या वर पिवळ्या पट्टीत लिहून ठेवलं.

मग पावसाळ्याचा प्रश्न. जुलैत वॉटर स्पोर्ट्स बंद, तारकर्लीला कोण येणार, काही घरांच्या विकलेल्या रात्री शून्य. सरासरी भाडं म्हणजे जमा भागिले रात्री, शून्याने भागलं की स्क्रिप्ट पडते. पकडून ० छापणं सोपं होतं पण "सरासरी भाडं ₹०" वाचून मालकाला वाटेल आपण घर फुकट दिलं, म्हणून तिथे रेघ आणि खाली ओळ: ह्या महिन्यात बुकिंग नाही. भरलेल्या टक्केवारीत मात्र ० खरंच शून्य आहे, ते छापायचंच.

आणि खर्च तर पावसातही असतोच, ताडपत्री, केअरटेकर, लाईटबिल. मग शेवटची रक्कम मायनसमध्ये जाते. "तुम्हाला देणं: -₹११,३००" हे घाईत वाचलं तर बारकी रेघ दिसत नाही आणि माणूस पैशाची वाट बघत बसतो. टेम्प्लेटमध्ये रक्कम शून्याच्या खाली असेल तर लेबलच बदलतं, "तुमच्याकडून येणं: ₹११,३००, पुढच्या महिन्यात वळतं करू", आणि त्या चौकटीचा रंगही वेगळा.

२१ जून

मेल पाठवणं. ज्याची फाईल त्यालाच, ह्यासाठी तीन गोष्टी केल्या.

पहिली, प्रत्येक मालकासाठी नवा मेल ऑब्जेक्ट, लूपच्या आत. नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच नमुन्यांत मेल एकदाच वर बनवतात आणि लूपमध्ये फक्त पत्ता बदलतात. पायथनमध्ये `msg["To"] = ...` परत लिहिलं तर जुना पत्ता पुसला जात नाही. जुन्या `MIMEMultipart` मध्ये दुसरा पत्ता पहिल्याच्या खाली जोडला जातो, आणि जोडलेल्या फाईलीही साठत जातात, म्हणजे शेवटच्या मालकाला सगळ्यांचे रिपोर्ट. नवं `EmailMessage` दुसऱ्यांदा `To` लिहायला देत नाही, एरर देतं, म्हणून तेच वापरलं.

दुसरी, घराचा कोड पीडीएफच्या तळटिपेत इंग्लिश अक्षरांत छापलेला असतो, आणि मेल जायच्या आधी `pdftotext` ने फाईलमधला मजकूर काढून त्यात तोच कोड आहे का बघतो. कोड इंग्लिशमध्ये मुद्दाम आहे. देवनागरी पीडीएफमध्ये दिसते बरोबर पण परत मजकूर म्हणून काढली तर अक्षरं वरखाली होऊन येतात, कारण आत साठवलेली असतात ती शेपिंगनंतरची चित्रं. मराठी नावावरून तपासायला गेलो तर चांगली फाईलही नापास होईल. फाईलचं नावही त्याच कोडचं, `TK-07-06.pdf` असं, मराठी नाव काही मेल ॲपमध्ये विचित्र चिन्हांत दिसतं.

तिसरी, देवबागचं एक घर दोघा भावांचं, रिपोर्ट दोघांना. एसएमटीपीने पाठवताना सर्व्हरने एक पत्ता नाकारला आणि दुसरा घेतला तर पायथनचं `send_message` एरर देत नाही, नाकारलेल्यांची यादी परत देतं, आणि ती आपण बघितली नाही तर धाकट्याला मेल गेलीच नाही हे कळायचं चतुर्थीला घरी भांडण झाल्यावर. यादी रिकामी असेल तरच "गेलं". तरी सर्व्हरने घेतलं म्हणजे पोचलं असं नाही, चुकीच्या पत्त्याची मेल थोड्या वेळाने परत येते, तो इनबॉक्स पाठवल्यानंतर वहिनी बघणार.

२६ जून

दिवसभर लाईट ये-जा. त्यामुळे बरोबर ह्याच प्रश्नावर बसलो, पाठवता पाठवता मशीन बंद पडलं तर काय.

नुसतं परत चालवलं तर आधी गेलेल्यांना दुसऱ्यांदा जाणार. दोनदा आलेला हिशेब म्हणजे फोन ठरलेला, कुठला खरा, काही बदललं का. म्हणून एसक्यूलाईटमध्ये वही ठेवली:

```sql
CREATE TABLE sent (
  client TEXT, month TEXT, status TEXT,
  PRIMARY KEY (client, month)
);
```

एका घराची एका महिन्याची एकच ओळ होऊ शकते. क्रम असा: आधी मेल सर्व्हरला जोडायचं, लॉगिन झालं की ओळ लिहायची `sending`, मग पाठवायची, मग तीच ओळ `sent`. परत चालवल्यावर `sent` असलेल्याला सोडून द्यायचं.

प्रश्न उरतो मधल्या क्षणाचा. सर्व्हरने मेल घेतली आणि `sent` लिहायच्या आत लाईट गेली तर ओळ `sending` वरच राहते, आणि मशीनला ठरवता येत नाही की गेली की नाही. कितीही डोकं लावलं तरी हा क्षण पूर्ण बंद करता येत नाही, मेल पाठवणं आणि वहीत लिहिणं ह्या दोन वेगळ्या जागी होणाऱ्या गोष्टी आहेत. म्हणून अशा ओळीला स्क्रिप्ट हातच लावत नाही, वहिनींच्या व्हॉट्सॲपला त्या घराचा कोड येतो, त्यांनी जीमेलच्या सेंटमध्ये तो कोड शोधायचा, सापडला तर `sent` करायचं, नाही तर ओळ काढून टाकायची. वहिनींना हे पटलं.

३ जुलै

जूनचे रिपोर्ट, पहिल्यांदा पूर्ण चालवलं, पण सगळे पत्ते बदलून आपल्याच एका इनबॉक्सला. वहिनींनी एकेक उघडून फोनवर बघितले, कारण मालकही फोनवरच बघणार. तक्त्यातले आकडे फोनवर बारीक वाटले, अक्षर ११ पॉइंट केलं. एका घराचा रिपोर्ट बनलाच नाही, टँकरचा सेल रिकामा होता. टँकरवाल्याचं बिलच आलेलं नव्हतं, म्हणजे थांबणं अगदी बरोबर. बाकीचे त्याच्यासाठी अडले नाहीत, हे मला हवंच होतं, एक अडला म्हणून सगळे अडवायचे नाहीत. दुपारी खऱ्या पत्त्यांवर पाठवले.

८ जुलै

वेळापत्रक. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायला लिनक्सचं क्रॉन टाकलं असतं पण क्रॉनचं असं की ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर ती फेरी बुडाली. जुलैत सकाळी दहाला लाईट असेलच ह्याची खात्री कोण देणार. सिस्टमडीच्या टायमरला ते जमतं:

```
[Timer]
OnCalendar=*-*-03 10:00:00
Persistent=true
```

`Persistent` मुळे मशीन चालू झाल्यावर बुडालेली फेरी तेव्हा होते. पण लाईट आली म्हणजे नेट आलं असं नाही, राऊटर आणि पुढची लाईन जागी व्हायला वेळ लागतो, म्हणून सर्व्हिसमध्ये `Restart=on-failure` आणि `RestartSec=600`. सर्व्हरला जोडता आलं नाही तर वहीत ओळच होत नाही, दहा मिनिटांनी परत प्रयत्न, कुणाला काही डबल जात नाही. रिकाम्या सेलसाठी मात्र परत परत चालवण्यात अर्थ नाही, तिथे निरोप पाठवून स्क्रिप्ट नीट संपते, एरर कोड देत नाही.

तीन तारीख ठेवली कारण लाईटबिल आणि टँकरचे आकडे पहिल्या दोन दिवसांत वहिनींकडे येतात.

३ ऑगस्ट

दहाला लाईट नव्हती. बाराच्या पुढे आली, फेरी सुरू झाली, पहिल्यांदा नेट नाही म्हणून पडली, नंतरच्या फेरीत पाठवायला लागली आणि मधेच परत लाईट गेली, इन्व्हर्टर तोपर्यंत संपलेला. संध्याकाळी मशीन उठलं तेव्हा वहीत एक ओळ `sending` वर, वेंगुर्ल्याचं घर. वहिनींनी सेंटमध्ये कोड शोधला, मेल गेलेली होती, ओळ `sent` केली. सुरू होऊन अर्धवट राहिलेली फेरी टायमर परत चालवत नाही, म्हणून संध्याकाळी ती हाताने चालवली, उरलेले सगळे त्यात गेले, दोनदा कुणालाही नाही.

तारकर्लीच्या काकांचा फोन आला. बुकिंग शून्य, "तुमच्याकडून येणं ₹११,३००" वाचलं होतं, विचारत होते ताडपत्री कितीची आणली. म्हणजे रिपोर्ट नीट वाचला जातोय, पण खर्चाची फोड हवी. पुढच्या महिन्यापासून "इतर खर्च" ही एक ओळ काढून प्रत्येक बिल वेगळ्या ओळीत, शीटमध्ये त्यासाठी वेगळा टॅब लागेल, आणि त्या टॅबची बेरीज मुख्य शीटच्या खर्चाशी जुळली नाही तर तो रिपोर्ट बनणार नाही. चतुर्थीच्या आधी हे झालं पाहिजे, त्या महिन्यात मालक गावातच असतात आणि बिलं समोर घेऊन बसतात.